पासपोर्ट : पहिला अर्ज (मीरा-भाईंदर)

पासपोर्ट अधिनियम, १९६७ आणि पासपोर्ट नियम, १९८० यांखाली केंद्र सरकार देत असलेला प्रवास-दस्तऐवज. मीरा-भाईंदर महसुलाच्या दृष्टीने ठाणे जिल्ह्यात मोडते, पासपोर्टपुरते मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयाकडे जाते आणि १ ऑक्टोबर २०२० पासून त्याची पोलीस हद्द मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाची आहे. त्याआधी ती ठाणे ग्रामीण पोलिसांकडे होती. नव्या अर्जदाराची गाडी बहुधा या हद्दींच्या गुंत्यातच अडते, म्हणून येथे पत्ता आणि पोलीस पडताळणी यांना अधिक जागा दिली आहे.

अर्ज. passportindia.gov.in या संकेतस्थळावर नोंदणी करून अर्ज भरावा, शुल्क भरावे आणि पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यावी. प्रौढाच्या ३६ पानी पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये, ६० पानीचे २,०००. केंद्रात फोटो व बोटांचे ठसे तिथेच घेतात. अ खिडकीवर कागद स्कॅन होतात, ब खिडकीवर तपासले जातात आणि क खिडकीवर निर्णय होतो.

कागदपत्रे. जन्मतारखेचा, पत्त्याचा आणि (असल्यास) दहावी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा, सर्व मूळ प्रतींसह. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मदाखलाच लागतो. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला किंवा पॅन कार्डही चालते. दहावीचे प्रमाणपत्र दिल्यास रोजगारासाठी परदेशी जाताना लागणारी स्थलांतर-मंजुरीची अट पासपोर्टवर येत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते. फॉर्मात आडनावाचा रकाना वेगळा आहे आणि स्वतःचे व वडिलांचे नाव एकत्र लिहिले जाते. अ खिडकीवरचा बराच वेळ या उलटापालटीत जातो.

पत्ता. फॉर्ममध्ये सध्या राहता ती जागा लिहायची, आधारवर छापलेली नव्हे. एक नमुना पाहू. भाईंदर पूर्वेला नवघर पोलीस ठाण्याच्या हद्दीत भाड्याने राहणाऱ्या मुलीचे आधार माहेरच्या, दहिसरच्या पत्त्यावर आहे. आधार जुळावे म्हणून तिने दहिसरच लिहिले, तर चौकशी मुंबई पोलिसांकडे जाते, तिथे ती सापडत नाही आणि अहवाल अपूर्ण म्हणून परततो. बरोबर मार्ग असा: सध्याचा पत्ता भाईंदरचा, कायमचा पत्ता दहिसरचा, आणि भाईंदरसाठी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार. महाराष्ट्रात हा करार नोंदवणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार सक्तीचे आहे; नुसता नोटरी केलेला करार केंद्रात उपयोगी पडत नाही. वीजबिल घरमालकाच्या नावावर असते, म्हणून भाडेकरूला त्याचा उपयोग नाही. चालू बँक खात्याचे फोटो असलेले पासबुक आधी नव्या पत्त्यावर करून घेतल्यास बरे.

पोलीस पडताळणी. फॉर्ममध्ये पोलीस ठाणे निवडावे लागते. मीरा रोड, नया नगर, काशिमीरा, भाईंदर, नवघर आणि उत्तन ही ठाणी जवळजवळ असल्याने पिनकोडवरून अंदाज बांधू नये; सोसायटीच्या सचिवाला विचारलेले उत्तम. चौकशीचा कागद आयुक्तालयातून ठाण्याकडे येतो आणि अहवाल त्याच वाटेने पासपोर्ट कार्यालयाकडे परततो. पोलीस नागरिकत्व आणि गुन्हेगारी पूर्वेतिहास पाहतात. शिपाई घरी येईल की अर्जदाराला ठाण्यात बोलावतील, याबाबत प्रथा एकसारखी नाही; २०१८ नंतरच्या सूचनांनुसार घरभेट सरसकट बंधनकारक नाही. मूळ कागद हाताशी आणि फोन चालू ठेवावा. बंद फोन आणि कुलूपबंद घर ही अहवाल अपूर्ण राहण्याची नेहमीची कारणे. तसे झाल्यास प्रादेशिक कार्यालयाकडे पडताळणी पुन्हा सुरू करण्याची विनंती करता येते. पडताळणीसाठी अर्जदाराकडून वेगळे शुल्क नाही.

न्यायालयात फौजदारी खटला चालू असल्यास पासपोर्ट अधिनियमाचे कलम ६(२)(फ) आड येते. तरी २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार त्या न्यायालयाची परवानगी आणल्यास पासपोर्ट मिळू शकतो. न्यायालयाच्या आदेशात मुदत नसेल तर पासपोर्ट साधारण एका वर्षापुरता असतो. नुसती एफआयआर नोंदलेली असणे म्हणजे खटला प्रलंबित असणे नव्हे, अशी परराष्ट्र मंत्रालयाची २०१९ मधील भूमिका आहे. व्यवहारात मात्र अशा अर्जदाराचा अहवाल प्रतिकूल येऊ शकतो आणि खुलासा द्यावा लागतो. खटल्याची माहिती लपवणे हा कलम १२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

तत्काळ. दोन हजार रुपये जादा.

वितरण. स्पीड पोस्टने, अर्जात दिलेल्या सध्याच्या पत्त्यावर.