पाठपोट छपाई, हाताने कागद उलटून

दुहेरी छपाईची सोय नसलेल्या प्रिंटरवर कागदाच्या दोन्ही बाजू छापण्याची रीत. आधी सगळी विषम पृष्ठे (1, 3, 5…) छापून घेतात, छापलेला गठ्ठा पुन्हा ट्रेमध्ये लावतात आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर सम पृष्ठे (2, 4, 6…) छापतात. महागड्या यंत्रात कागद आपोआप मागे ओढून उलटवला जातो. इथे ते काम माणूस करतो. अवघड भाग उलटवण्याचा नाही, क्रमाचा आहे. गठ्ठा कोणत्या बाजूने लावायचा, कोणते टोक आत सारायचे आणि सम पृष्ठे सुलट छापायची की उलट, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर प्रिंटरमध्ये कागद कोणत्या वाटेने फिरतो यावर ठरते.

भारतातल्या घराघरांत आणि लहान कार्यालयांत दिसणाऱ्या दोन प्रकारांत ही वाट अगदी वेगळी आहे. एचपी लेझरजेट 1020 किंवा कॅनन एलबीपी 2900 यांसारख्या छोट्या लेझर प्रिंटरमध्ये कागद पुढून खालच्या ट्रेमध्ये लावतात. तो आत जातो, मागे वळसा घेऊन वर येतो आणि माथ्यावर पालथा पडतो. त्यामुळे ट्रेमध्ये वर असलेली बाजू छापली जाते आणि बाहेर येताना खाली होते. मागून उभा कागद लावायच्या इंकजेटमध्ये, उदाहरणार्थ एप्सनच्या एल मालिकेतल्या साध्या यंत्रांत, कागद असा पालथा होत नाही. तो खाली उतरून समोरून उताणा बाहेर येतो.

लेझरवर 23 पानांचा मजकूर छापायचा आहे असे समजू. विषम पृष्ठे बारा, म्हणून कागदही बारा. पहिला कागद पालथा पडतो, त्यावर 3 क्रमांकाचा, असे करत 23 सर्वांत वर येतो. गठ्ठ्याची कोरी बाजू आधीच वर असल्याने तो उलटायचा नाही. फक्त सपाट ठेवूनच अर्धा वळसा द्यायचा, म्हणजे मजकुराचे डोके आत जाईल. आता यंत्र वरचा कागद आधी ओढते, म्हणजे शेवटचा. म्हणून सम पृष्ठे उलट क्रमाने द्यावी लागतात: 22, 20, 18 ते 2. मात्र 23 च्या पाठीला काहीच छापायचे नाही, म्हणून तो कागद गठ्ठ्यातून आधी काढून ठेवायचा. या रीतीत शेवटी 1 क्रमांकाचे पान वर येते आणि 21-22 चा कागद तळाशी राहतो. बाजूला ठेवलेला 23 खाली सरकवला की प्रत जुळलेली असते, पुन्हा लावायला लागत नाही.

इंकजेटवर हाच हिशेब उलटतो. कागद उताणे साचल्याने 1 तळाला आणि 23 वर असतो. गठ्ठा पानासारखा बाजूने उलटला की 1 ची कोरी पाठ वर येते. डोके पूर्वीसारखेच आत ठेवून लावले की सम पृष्ठे सुलट क्रमानेच छापायची. 23 चा कागद सर्वांत मागे राहतो, तो ट्रेमध्ये तसाच उरतो आणि काही बिघडत नाही. मात्र चालक प्रणालीत उलट क्रमाची खूण आधीच लावलेली असेल तर साचण्याचा क्रम बदलतो. म्हणून ती आधी पाहून घ्यावी.

आपल्या यंत्राची वाट माहीत नसेल तर एका कागदात ती कळते. कोऱ्या कागदाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने बाण काढावा, बाणाचे टोक प्रिंटरच्या आत जाईल असा तो लावावा आणि एकच पान छापावे. बाण छापलेल्या बाजूला आला तर वरची बाजू छापली जाते. तो मजकुराच्या डोक्याकडे रोखलेला असेल तर डोके आधी आत जाते. वर सांगितलेल्या दोन्ही प्रकारांत दोन्ही उत्तरे होकारार्थी येतात. खालच्या खणात कागद लावायच्या बऱ्याच यंत्रांत बाण कोऱ्या बाजूला राहतो. तिथे कोरी बाजू खाली ठेवावी लागते आणि क्रमही नव्याने जुळवावा लागतो. मोठ्या मजकुराआधी दोन कागदांची, म्हणजे चार पानांची, चाचणी घेणे सर्वांत स्वस्त पडते.

अॅक्रोबॅट रीडरच्या छपाईच्या चौकटीत `Odd pages only`, `Even pages only` आणि `Reverse pages` हे पर्याय मिळतात. लिनक्सवर कप्स असेल तर लेझरसाठी दोन आज्ञा पुरतात. दुसरी अर्थातच गठ्ठा लावून झाल्यावर द्यायची:

```
lp -o page-set=odd pustika.pdf
lp -o page-set=even -o outputorder=reverse pustika.pdf
```

वर्डमध्ये हाताने दोन्ही बाजू छापण्याचा स्वतंत्र पर्याय आहे. तो मध्येच थांबून गठ्ठा पुन्हा लावायला सांगतो. काही चालक प्रणाली दुसऱ्या फेरीत पान स्वतःच 180 अंशांनी फिरवतात आणि गठ्ठा जसा आहे तसाच लावायला सांगतात. अशा वेळी वरचा अर्धा वळसा देऊ नये. दिला, तर प्रत्येक पाठ डोक्यावर उभी छापली जाते.

दुसऱ्या फेरीत खरा धोका दोन कागद एकदम ओढले जाण्याचा. पहिल्या फेरीत लेझरच्या तापत्या रोलरने कागदातला ओलावा उडतो, कागद वळतात आणि स्थिर विजेने एकमेकांना चिकटतात. वरच्या उदाहरणात 17 आणि 15 हे कागद एकत्र गेले असे धरू. 18 हे पान 17 च्या पाठीवर बरोबर छापले जाईल, 15 ची पाठ कोरी राहील आणि 16 हे पान 13 च्या पाठीवर जाईल. तिथून पुढे सगळेच एका कागदाने सरकते. शेवटी 2 क्रमांकाचे पान छापायचे बाकी असताना ट्रे रिकामा होतो आणि प्रिंटर कागद मागतो. हीच चुकीची खूण. उलट, 23 काढायला विसरल्यास कागद एक उरतो, आणि तो कोऱ्या पाठीचा 1 क्रमांकाचा असतो. पहिल्या प्रसंगात सगळी प्रत टाकायची गरज नाही. मध्येच आलेला कोऱ्या पाठीचा कागद शोधावा, 17 पासूनचे कागद ठेवावेत आणि 1 ते 16 एवढीच पाने, आठ कागदांवर, पुन्हा छापावीत.

यावर माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे गठ्ठे लहान ठेवणे. दहा-पंधरा कागदांच्या तुकड्यांनी काम केले तर चूक तेवढ्यापुरतीच राहते. गठ्ठा निवू द्यावा, हाताने उलट वाकवून सरळ करावा, पाने फडफडवून मोकळी करावीत आणि कडा टेबलावर ठोकून सारख्या कराव्यात. अनेक प्रती हव्या असतील तर एकेक प्रत पूर्ण करावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उघडा पडलेला कागद दमट होऊन लेझरमध्ये जास्तच वळतो. म्हणून रिम वेष्टनातच ठेवावा आणि लागेल तेवढाच कागद काढावा. इंकजेटवर काळजी वेगळी: भरगच्च चित्रे असतील तर शाई वाळेपर्यंत थांबावे, नाहीतर ओला कागद पुढच्याला डाग लावतो. 70 ग्रॅमच्या कागदावर पलीकडचा मजकूर दिसतो, 80 ग्रॅमवर तो बराच कमी जाणवतो.

दोन्ही बाजूंचा मजकूर मिलिमीटरपर्यंत तंतोतंत जुळेल ही अपेक्षा या रीतीकडून ठेवू नये. कागद दोनदा वेगवेगळा ओढला जातो आणि तापल्यावर किंचित आक्रसतोही. दोन्ही बाजूंनी कापायची कार्डे किंवा समोरासमोर चौकटी जुळायला हव्यात असे काम असेल, तर कडांना मोकळी जागा सोडूनच मांडणी करावी. एकाच बाजूला लेप असलेला फोटो कागद आणि चिकट लेबले या रीतीसाठी वापरू नयेत.