आपला जन्म आपण पाहिला काय?

नाव बदलणाराचे प्रतिज्ञापत्र आपण पाहतो, तेव्हा परिच्छेदांना घातलेले आकडे निव्वळ टापटिपीचे वाटतात. पहिल्यात जुने नाव, दुसऱ्यात जन्मतारीख, तिसऱ्यात नवे नाव. पण आपला जन्म आपण पाहिला आहे काय? तो आईने सांगितलेला! 1952 साली मुंबई राज्यातील स्थानबद्धतेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खुद्द गृहसचिवांच्या प्रतिज्ञापत्रातला दोष दाखविला आणि बजावले की, ऐकीव माहितीचा उगम स्पष्ट सांगितला पाहिजे. म्हणून शेवटी लिहावयाचे: ‘परिच्छेद 1 व 3 स्वतःच्या माहितीने, 2 आईकडून कळल्यावरून खरे.’ आकडे नसते, तर ही फोड आपण कशी केली असती? सरसकट ‘सर्व खरे’ लिहिणारा ऐकीव तारखेचीही शपथ घेऊन बसतो. आणि शाळेच्या दाखल्यावर निराळी तारीख निघाली, की खोट्या शपथेचा संशय त्याच्यावरच येतो.