सूर्य आधी की एल्फ आधी?

भुसावळचा एक मित्र वर्षभरापासून फँटसी कादंबरी लिहितोय. कादंबरीचं पहिलं प्रकरण अजून यायचंय, पण एक्सेल शीट तयार आहे. त्यात त्रेचाळीस देव आहेत. नाव, वाहन, शस्त्र, बायको, सगळे रकाने भरलेले. सृष्टी कशी झाली यासाठी वेगळा टॅब. मी त्याला विचारलं, "यातला गारपिटीचा देव डिलीट केला तर कुठल्या गोष्टीत काय बिघडेल?" तो म्हणाला, "गोष्टी लिहिल्याच कुठे आहेत अजून!"

आता ही पद्धत चुकीची असं म्हणता येत नाही, कारण एका माणसाने नेमकं हेच करून झकास पुस्तक काढलंय. लॉर्ड डन्सेनी, आयर्लंडचा सरदार, वय वर्षं 27. 1905 साली लंडनमध्ये स्वतःच्या खिशातून पैसे घालून त्याने 'द गॉड्स ऑफ पेगाना' छापलं. कादंबरी नाही, कथाही नाहीत म्हणा, नुसतं एका काल्पनिक जगाचं पुराण. माना-यूद-सुशाई नावाचा थोरला देव बाकीच्या देवांना घडवतो आणि झोपी जातो. स्कार्ल नावाचा ढोलकरी त्याच्यासमोर सतत ढोल वाजवत बसलाय. ढोल थांबला की माना जागा होणार, आणि मग जगंही नाहीत, देवही नाहीत. बस्स, एवढीच उत्पत्तिकथा. पण वाचताना पाठीतून कळ जाते.

त्याहून मला आवडतात ते त्याचे घरातले हजारभर देव. मांजराला कुरवाळणारा एक, कुत्र्याला शांत करणारा एक, निखाऱ्यांचा एक, धुळीचा एक. आणि घराच्या मागच्या बाजूला बसून फेकून दिलेल्या मोडक्या वस्तूंसाठी रडणारा जाबिम. आपल्याकडच्या माणसाला यात नवल वाटत नाही. खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला नथ, दागिने घालून सजवतात, रोट होतात, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी तिला वाजतगाजत निरोप. हिने जग निर्माण केलं का, हा प्रश्न रोट भाजणाऱ्या कुठल्या काकूंनी कधी विचारलेला मी ऐकला नाही. काही जण नाव कान्हाशी जोडतात, काही नाही जोडत. सण चालू आहे. म्हणजे खऱ्या जगात लहान देवाला सृष्टीच्या टॅबची गरज नसते. त्याला घर लागतं, शेत लागतं, एखादा दिवस लागतो.

डन्सेनीचं मात्र एक आहे. त्याच्या देवांवर पुढचं फारसं काही अवलंबून नाही. एखादा काढला तर पान कमी होईल, इमारत पडणार नाही. इमारत बांधायला घेतली ती दुसऱ्याने.

जे. आर. आर. टोल्किन. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला. गंमत म्हणजे त्याने सुरुवात सुरुवातीपासून केलीच नाही. सोमच्या लढाईतून आजारी होऊन परतल्यावर 1916-17 च्या सुमारास त्याने आधी लिहिली ती गोंडोलिन नावाच्या शहराच्या पाडावाची गोष्ट, जी त्या जगाच्या कालगणनेत बरीच उशिराची आहे. जग कसं झालं हे लिहिलं त्यानंतर, 1918 ते 1920 च्या दरम्यान, ऑक्सफर्डला डिक्शनरीच्या कामावर असताना. इलुवातार नावाचा एकच निर्माता, त्याने घडवलेले आयनूर, आणि ते सगळे मिळून गाणं म्हणतात. त्यातला मेल्को स्वतःचाच सूर लावतो आणि गाणं बिघडतं. या बिघडलेल्या गाण्यातूनच जग होतं. म्हणजे सगळ्यात जुनी गोष्ट नंतर लिहिली गेली आणि तिला काम होतं. गोंडोलिन का पडतं? कारण बिघाड पहिल्या गाण्यातच आहे.

आता माझा डिलीट टेस्ट लावून बघू. त्या पहिल्या मसुद्यात मकार आणि मेआस्से असे भाऊबहीण युद्धदेव होते. त्यांच्या दालनात शस्त्रं टांगलेली आणि सतत मारामारी चालू. पुढच्या मसुद्यांत दोघंही गायब! आणि गोष्टींचे सांधे जागच्या जागी राहिले. माझा अंदाज असा की, भांडणाचा उगम एकट्या मेल्कोच्या सुरात ठेवायचा म्हटल्यावर चांगल्यांच्या पंगतीत बसलेला युद्धदेव अडचणीचाच होता. आमच्या भाषेत, डेड कोड.

उलट ओस्से बघा. समुद्राच्या मोठ्या देवाचा, उल्मोचा, हाताखालचा माणूस. किनाऱ्यालगतच्या पाण्याचा देव. एकदा मेल्कोरच्या (मेल्कोचं पुढे मेल्कोर झालं) नादी लागतो, मग बायको उइनेन त्याला परत आणते. त्याला माफी मिळते, पण वादळाची खोड जात नाही, म्हणून खलाशी त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवत नाहीत. हाच ओस्से एल्फांपैकी काहींना पलीकडच्या देशात न जाता इकडच्याच किनाऱ्यावर थांबायला राजी करतो. त्याला काढा, की किनाऱ्यावरची ती वस्ती का राहिली याला कारणच उरत नाही. लहान देव, पण त्याच्यावर गाव उभं आहे.

ओस्सेवर एक गाव उभं आहे, सूर्यावर तर सगळंच. टोल्किनच्या जुन्या कथेत जग सपाट, आणि सूर्य फार उशिरा येतो. आधी दोन दिवे, ते मेल्कोर पाडतो. मग दोन झाडं, त्यांचाच उजेड. एल्फ जागे होतात ते ताऱ्यांखाली, सूर्य अजून नाहीच. मेल्कोर झाडं मारतो, आणि मरता मरता त्यांना आलेलं एक फूल आणि एक फळ म्हणजे चंद्र आणि सूर्य. झाडांचा निखळ उजेड उरतो फक्त तीन सिल्मारिल रत्नांत, आणि त्यांच्यासाठी पुढची सगळी युद्धं.

टोल्किनला हे पुढे खटकायला लागलं. ताऱ्यांबद्दल इतकं जाणणाऱ्या एल्फांनी जग सपाट आहे असं कसं सांगितलं असेल? 1940 च्या दशकात त्याने गोल पृथ्वीची, सूर्य पहिल्यापासून असलेली आवृत्ती लिहिली. 1948 मध्ये कॅथरीन फॅरर या लेखिकेला दोन्ही वाचायला दिल्या, तर तिची पसंती सपाट जगाला. तरी 1950 च्या दशकाच्या शेवटी तो परत त्यात घुसला. आता बघा काय होतं. सूर्य पहिल्यापासून असेल तर ताऱ्यांखाली जागं होण्यात विशेष काय? झाडांच्या उजेडाची एवढी मातब्बरी कशाला? आणि बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना तीन रत्नांसाठी पिढ्यानपिढ्या कोण मरेल? सर्वात खालची एक ओळ बदलली आणि चाळीस वर्षांचं काम लाल झालं.

त्याने पळवाटाही शोधल्या. उदाहरणार्थ, सपाट जगाची कथा एल्फांची नाहीच, माणसांनी ऐकीव गोष्टींची सरमिसळ करून पुढे नेलेली आहे. (ही मला भारी वाटते. पुराणांत हेच तर होतं.) पण त्यानुसार सगळं पुन्हा लिहिणं त्याला जमलं नाही. 1973 मध्ये तो गेला. मुलगा ख्रिस्तोफरने 1977 मध्ये 'द सिल्मारिलियन' छापलं ते जुन्याच रचनेनं, दिवे, झाडं, उशिराचा सूर्य, सगळं तसंच ठेवून. बापाच्या त्या शेवटच्या खटपटीचे कागद त्याने 1993 मध्ये वेगळे छापले. त्यात सूर्य पहिल्यापासून आहे, आणि गोष्टी अर्धवट.