स्लॅबच्या दिवशी एकाला उशीर झाला की सगळे का थांबतात? क्रिटिकल पाथ म्हणजे काय?

सकाळी आठ वाजता साइटवर चाळीस माणसं हजर आहेत, तरी दुपारी एक वाजेपर्यंत काँक्रीटचा एक थेंबही पडलेला नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, लोक टंगळमंगळ करताहेत. प्रत्यक्षात बहुतेक जण कोणाचं तरी काम संपायची वाट बघत असतात. नेमकी कोणाची वाट बघितली जातेय, हे शोधायची एक सोपी पद्धत आहे. तिला क्रिटिकल पाथ म्हणतात.

ही पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्युपाँट या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी तयार केली. मोठ्या प्रकल्पांसाठी ती वापरली जातेच, पण एका दिवसाच्या शिफ्टलाही ती तशीच लागू पडते. स्लॅब भरण्याचा एक दिवस घेऊन ती समजून घेऊ.

आजची कामं आणि त्यांचे दुवे

समजा, शिफ्ट सकाळी ८ ते संध्याकाळी ६ आहे आणि जेवणाची सुट्टी आलटूनपालटून होते. उरलेली कामं अशी:

१. सळयांची खालची जाळी पूर्ण करणं: २ तास
२. वायरिंगचे पाइप टाकणं: दीड तास (१ नंतर)
३. सळयांची वरची जाळी बांधणं: १ तास (२ नंतर)
४. कडेचं शटरिंग लावणं आणि खालचे टेकू तपासणं: २ तास
५. काँक्रीटचा पंप आणि त्याची लाइन जोडणं: दीड तास
६. साफसफाई आणि इंजिनीअरची तपासणी: १ तास (३ आणि ४ नंतर)
७. काँक्रीट ओतणं: ४ तास (५ आणि ६ नंतर)
८. शेवटच्या पट्ट्याचं लेव्हलिंग: अर्धा तास (७ नंतर)

कंसात जे लिहिलंय तेच दुवे. वायरिंगचे पाइप दोन जाळ्यांच्या मध्ये बसतात, म्हणून खालची जाळी आधी आणि वरची नंतर. १, ४ आणि ५ या कामांना कोणाचीच वाट बघायची नाही, ती आठ वाजता एकदम सुरू होतात. ज्या कामाला दोन दुवे आहेत, ते दोन्ही संपल्यावरच सुरू होतं. म्हणजे जो उशिरा संपतो, तोच त्याची वेळ ठरवतो.

सर्वांत लांब साखळी शोधा

आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक साखळीची बेरीज करा.

१–२–३–६–७–८ ही साखळी १० तासांची आहे.
४–६–७–८ ही साडेसात तासांची.
५–७–८ ही ६ तासांची.

सर्वांत लांब साखळी म्हणजे आजचा क्रिटिकल पाथ. दिवस त्यापेक्षा लवकर संपू शकत नाही. इथे ती बरोबर १० तासांची आहे, म्हणजे ८ ला सुरू करून ६ ला काम संपेल. हातात एक मिनिटही जास्तीचं नाही.

बाकीच्या कामांना मात्र सवड आहे. इंग्रजीत तिला फ्लोट म्हणतात. ती काढायला शेवटाकडून मागे या. तपासणी साडेबाराला सुरू व्हायची आहे. शटरिंगचं काम १० वाजता संपतं, म्हणून त्याला अडीच तासांची सवड. काँक्रीट दीडला सुरू होणार आणि पंप साडेनऊला तयार, म्हणून त्याला ४ तासांची.

उशीर कोणाचा, यावर सगळं अवलंबून

इलेक्ट्रिशियन एक तास उशिरा आला तर? त्याचं काम क्रिटिकल पाथवर आहे. त्यामुळे वरची जाळी, तपासणी, काँक्रीट सगळं एक तास पुढे जातं आणि लेव्हलिंग संध्याकाळी ७ ला संपतं.

सुतार दोन तास उशिरा आले तर? शटरिंग १२ ला संपेल. तपासणी साडेबाराला आहे, त्यामुळे काहीच बिघडत नाही. पण तेच सुतार तीन तास उशिरा आले, तर शटरिंग १ वाजता संपेल आणि स्लॅब अर्धा तास लांबेल. आता क्रिटिकल पाथ ४–६–७–८ झाला. म्हणजे सकाळी काढलेला मार्ग दिवसभर तोच राहील असं नाही. एखादं काम मागे पडलं की बेरीज पुन्हा करावी लागते.

काँक्रीटची गाडी कधी बोलवायची?

खरं नुकसान इथे होतं. भारतीय मानक IS 4926 प्रमाणे रेडीमिक्स काँक्रीट गाडीत भरल्यापासून साधारण २ तासांत ओतून व्हायला हवं. घट्ट होण्याचा वेग कमी करणारं रसायन घातलं असेल तर ही मुदत वाढवता येते.

समजा, प्लांट पाऊण तासावर आहे आणि पहिली गाडी पावणेएकला भरली. ती दीडला साइटवर पोहोचली, पण इलेक्ट्रिशियनच्या उशिरामुळे ओतणं अडीचला सुरू होणार आहे. तोवर पावणेदोन तास गेलेले असतात. काँक्रीट घट्ट व्हायला लागतं, पंपातून नीट जात नाही आणि कोणीतरी त्यात वरून पाणी घालायला सांगतं. पाणी वाढलं की काँक्रीटची ताकद कमी होते. वरून स्लॅब चांगला दिसला तरी आतला दोष कायम राहतो.

म्हणून गाडीची वेळ घड्याळावर ठरवू नका. वायरिंगचे पाइप किती वाजता पूर्ण झाले, हे बघून प्लांटला फोन करा. तिथून काँक्रीट सुरू व्हायला अजून २ तास असतात, त्यामुळे गाडी मागे-पुढे करायला वेळ मिळतो.

वेळ वाचवायचा कुठे?

शटरिंगवर चार सुतार वाढवले तर स्लॅब एक मिनिटही लवकर होणार नाही, कारण ते काम क्रिटिकल पाथवर नाही. पंप लवकर जोडूनही फायदा नाही.

फायदा होतो तो दुवा सैल करून. खालची जाळी पूर्ण व्हायची वाट कशाला बघायची? ९ वाजता अर्धी जाळी तयार असते. इलेक्ट्रिशियनने त्या अर्ध्या भागात पाऊण तासात पाइप टाकले, १० वाजेपर्यंत थांबून उरलेले टाकले, की तो साडेअकराऐवजी पावणेअकराला मोकळा होतो. पूर्ण दिवसाची पाऊण तास बचत झाली.

वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा फरक अक्षरांनी दिसतो. `1FS` म्हणजे पहिलं काम संपल्यावर सुरू करा. `1SS+1h` म्हणजे पहिलं काम सुरू झाल्यावर एका तासाने सुरू करा.

पण प्रत्येक दुवा सैल करता येत नाही. तपासणी पूर्ण होण्याआधी काँक्रीट ओतलं, तर चुकलेली सळई नंतर दिसणारच नाही. काही दुव्यांत तर नुसती वाट बघणं असतं. साध्या सिमेंटच्या स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर IS 456 प्रमाणे टेकू किमान ७ दिवस ठेवावे लागतात, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस. तिथे माणसं वाढवून काहीच होत नाही.

त्यामुळे सकाळी मुकादमाला "सगळे आले का?" असं विचारण्याआधी "वायरिंगवाला आला का?" हे विचारा. आजच्या स्लॅबची वेळ त्या उत्तरावर ठरणार आहे.