जपानीतलं 'ते-रूप' म्हणजे काय? 'जाऊन येतो' म्हणणाऱ्या मराठी माणसाला ते सोपं का जातं आणि कुठे फसवतं?

महाडहून भोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घाटाच्या पायथ्याशी वरंध गाव आहे. इथल्या घरातून कोणी एसटी पकडायला निघालं की उंबऱ्यातून 'जातो' असं म्हणत नाही. 'येतो' म्हणतात, फार तर 'जाऊन येतो'. नुसतं 'जातो' म्हटलं की घरातली म्हातारी माणसं लगेच टोकतात.

जपानमध्येही घराबाहेर पडताना रोज हेच म्हणतात: 'इत्ते किमासु'. 'इत्ते' म्हणजे 'जाऊन' आणि 'किमासु' म्हणजे 'येतो'. शब्दाला शब्द लावून पाहा, अर्थ तोच आणि क्रमही तोच. यातलं 'इत्ते' हे जपानी व्याकरणातलं प्रसिद्ध ते-रूप. जपानी भाषा पात्रता परीक्षेच्या सगळ्यात खालच्या एन-५ पातळीलाही त्याच्याशिवाय चालत नाही. इंग्रजीच्या आधाराने शिकणाऱ्यांना ते बरंच छळतं, कारण इंग्रजीत त्याला एक असा जोडीदार नाही. मराठीत आहे: करून, जाऊन, खाऊन यांतला 'ऊन'.

आधी काम समजून घेऊ

'जेवून झोपलो' आणि 'जेवून झोपेन' ही दोन वाक्यं बघा. 'जेवून' दोन्हीकडे तसंच राहतं. गोष्ट काल घडली की उद्या घडणार, हे शेवटचं क्रियापद ठरवतं. ते-रूपही तसंच आहे. त्याला स्वतःचा काळ नसतो आणि आदर-अनादरही फारसा नसतो. तो सगळा भार वाक्याच्या शेवटी पडतो.

वरंधचा एखादा मुलगा सांगतो, 'रोज सकाळी उठून, चहा पिऊन, बसने महाडला जातो.' जपानीत हे होईल: 'माइआसा ओकिते, ओचा ओ नोंदे, बासु दे माहादो ए इकिमासु.' ओकिरु (उठणे) याचं ओकिते झालं, नोमु (पिणे) याचं नोंदे झालं आणि 'जातो' हे एकच क्रियापद पूर्ण रूपात आलं. (ओचा म्हणजे चहा. हे साम्य योगायोगाचं नाही, दोन्ही शब्द चीनमधूनच आले आहेत.)

पण एकाला नुसतं 'ते' लागलं आणि दुसऱ्याचं 'न्दे' का झालं? इथे क्रियापदांचे ३ गट येतात.

गट तीन, पण डोकेदुखी एकाच गटाची

दुसऱ्या गटापासून सुरुवात केलेली बरी, कारण तो सगळ्यात सोपा. शेवटचा 'रु' काढायचा आणि 'ते' लावायचा. ताबेरु (खाणे) ताबेते, मिरु (बघणे) मिते, ओकिरु ओकिते. तिसऱ्या गटात मुख्य क्रियापदं दोनच आहेत, ती पाठ करायची: सुरु (करणे) याचं शिते आणि कुरु (येणे) याचं किते.

उरलेली सगळी क्रियापदं पहिल्या गटात येतात. तिथे शेवटचं अक्षर पाहून रूप ठरतं. शेवटी उ, त्सु किंवा रु असेल तर त्याच्या जागी 'त्ते' येतो: काउ (विकत घेणे) कात्ते, मात्सु (वाट पाहणे) मात्ते, तोरु (घेणे, फोटो काढणे) तोत्ते. हा 'त्सु' अवघड वाटला तर 'चूल' मधला च आठवावा, 'चहा'मधला नव्हे. शेवटी मु, बु किंवा नु असेल तर 'न्दे' होतो: योमु (वाचणे) योंदे, आसोबु (खेळणे) आसोंदे. नु ने संपणारं क्रियापद आजच्या जपानीत एकच आहे, शिनु म्हणजे मरणे. त्याचं ते-रूप 'शिंदे'. महाराष्ट्रातल्या वर्गात हा शब्द आला की हशा ठरलेला आणि मग तो कोणी विसरत नाही. कु चं 'इते' होतं आणि गु चं 'इदे': काकु (लिहिणे) काइते, ओयोगु (पोहणे) ओयोइदे. सु चं सरळ 'शिते' होतं: हानासु (बोलणे) हानाशिते.

अपवाद एकच, पण रोजच्या वापरातला: इकु (जाणे). नियमाने ते 'इइते' व्हायला हवं होतं, ते 'इत्ते' होतं.

हे नियम कोणी बसून बनवलेले नाहीत. फार जुन्या जपानीत सगळीकडे साधा 'ते'च लागत असे: काकिते, योमिते, तोरिते. साधारण हेइआन काळापासून, म्हणजे हजारएक वर्षांपूर्वीपासून, भरभर बोलताना मधले आवाज झिजत गेले. काकिते मधला क गळून काइते राहिलं, तोरिते चं तोत्ते झालं. योमिते मधला म नाकात गेला आणि त्याच्या शेजारचा 'ते' मऊ होऊन 'दे' झाला. नोंदे, आसोंदे, शिंदे यांत 'दे' का, याचं उत्तर हेच.

'रु' दिसला की घाई करू नका

सर्वाधिक चुका इथे होतात, कारण 'रु' पहिल्या गटातही आहे आणि दुसऱ्यातही. 'रु'च्या आधी आ, उ किंवा ओ चा स्वर असेल तर काळजी नाही. सुरु आणि कुरु सोडले तर ते क्रियापद पहिल्या गटातलं. पण आधी इ किंवा ए असेल तर नुसतं बघून कळत नाही.

'काएरु' घ्या. एक काएरु म्हणजे घरी परतणे, तो पहिल्या गटातला, त्याचं काएत्ते. दुसरा काएरु म्हणजे बदलणे, तो दुसऱ्या गटातला, त्याचं काएते. किरु तर आणखी गमतीचा: कापणे असेल तर कित्ते, अंगात घालणे असेल तर किते. आणि 'किते' म्हणजे 'येऊन' हेही वर पाहिलंच.

यावर भरवशाची युक्ती म्हणजे नकारी रूप आठवणं. 'परतत नाही' म्हणजे काएरानाइ आणि 'बदलत नाही' म्हणजे काएनाइ. नकारात 'रा' शिल्लक राहिला तर पहिला गट, म्हणून 'त्ते'. 'रा' उरला नाही तर दुसरा गट, म्हणून नुसता 'ते'. हाइरु (आत जाणे) याचं हाइरानाइ होतं, म्हणून हाइत्ते. ओकिरु चं ओकिनाइ होतं, म्हणून ओकिते. शब्दकोशात नवीन क्रियापद सापडलं की त्याचं नकारी रूपही सोबत पाठ करावं ते याचसाठी.

बोलताना किते आणि कित्ते यांत फरक फक्त थांब्याचा आहे. मराठी जिभेला तो जमतो. पक्का, पत्ता, सत्ता म्हणताना आपण तसेच क्षणभर थांबतो. रोमन लिपीत वाचून शिकणारे मात्र तो एक जास्तीचा 't' सहज गिळतात.

'ऊन'च्या पुढे काय येतं?

ते-रूप एकदा बसलं की त्याच्यापुढे दुसरं क्रियापद जोडून नवे अर्थ तयार होतात. मराठी माणसाला हे ओळखीचंच वाटेल. मिरु म्हणजे बघणे आणि 'ताबेते मिरु' म्हणजे 'खाऊन बघतो'. इथे डोळ्यांनी बघण्याचा संबंध नाही, दोन्ही भाषांत अर्थ प्रयत्नाचा. ओकु म्हणजे ठेवणे. 'किप्पु ओ कात्ते ओकिमासु' म्हणजे 'तिकीट काढून ठेवतो', पुढची सोय म्हणून.

शिमाउ जोडलं की काम संपल्याचा अर्थ येतो. 'ताबेते शिमात्ता' म्हणजे 'खाऊन टाकलं'. पण पाकीट पडलं तरी 'ओतोशिते शिमात्ता' असंच म्हणतात आणि तिथे मराठीत 'टाकलं' चालणार नाही, 'हरवून बसलो' म्हणावं लागेल. मराठीने 'टाकणे' आणि 'बसणे' यांत वाटून घेतलेलं काम जपानीत एकटं शिमाउ करतं.

परवानगी विचारणं आणखी जवळचं आहे. 'शाशिन ओ तोत्ते मो इइ देसु का?' म्हणजे 'फोटो काढला तरी चालेल का?' यातला 'ते मो' आपल्या 'तरी'चं काम करतो. आणि मनाई करायची तर 'तोत्ते वा इकेमासेन'. 'इकेमासेन' हे मुळात 'जाणे'पासूनच आलेलं नकारी रूप, म्हणजे अगदी आपलं 'काढून चालणार नाही'.

'ते कुदासाइ' ही विनंती सगळे आधी शिकतात: 'मात्ते कुदासाइ' म्हणजे 'जरा थांबा'. पण ती सूचनेकडे झुकते. गिऱ्हाइकाने दुकानदाराला किंवा शिक्षकाने विद्यार्थ्याला म्हणावी अशी. नोकरीच्या ठिकाणी साहेबाला असं सांगितलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटू शकतं. तिथे 'मात्ते इतादाकेमासेन का' असं विचारावं.

मराठी जिथे फसवते

'ते इमासु' म्हणजे चालू काळ, असं बरेच जण पाठ करतात. 'ताबेते इमासु' म्हणजे 'खातोय', इथपर्यंत ठीक आहे. आता 'आनि वा पुने नि इत्ते इमासु' हे वाक्य घ्या. आनि म्हणजे आपला थोरला भाऊ. पाठ केल्याप्रमाणे अर्थ लावला तर 'दादा पुण्याला जातोय' असा लागेल. खरा अर्थ आहे 'दादा पुण्याला गेलाय', म्हणजे तो घरी नाही. वाटेत आहे असंच सांगायचं असेल तर 'मुकात्ते इमासु' म्हणतात.

कारण असं की जाणे, येणे, बसणे, लग्न होणे या गोष्टी एका क्षणात घडतात आणि त्यानंतर एक स्थिती उरते. अशा क्रियापदांना 'ते इमासु' लागलं की ती उरलेली स्थिती सांगितली जाते. 'सुवात्ते इमासु' म्हणजे 'बसलाय'. 'केक्कोन शिते इमासु' म्हणजे 'लग्न झालंय'. 'केक्कोन शिमाशिता' म्हटलं तर ऐकणारा 'अरे, कधी?' म्हणून अभिनंदन करायला उठेल. पावसाळ्यात वरंध घाट वाहतुकीला बंद करतात, तेव्हा 'रस्ता बंद आहे' हेही याच रूपाने सांगायचं: 'त्सूकोओदोमे नि नात्ते इमासु'. शब्दशः, बंद होऊन राहिलाय. एकूण, मराठीत 'तोय' येईल की 'लाय', हे आधी ठरवावं. जपानीत दोन्हींसाठी दार एकच आहे.

दुसरी फसगत कर्त्याची. 'ऊन'ला सहसा एकच कर्ता लागतो. 'बाबा शेतावर जाऊन आई स्वयंपाक करते' हे मराठीत वेडगळ वाटतं. जपानीत मात्र 'चिचि वा हाताके ए इत्ते, हाहा वा गोहान ओ त्सुकुरिमासु' हे सरळ वाक्य आहे: बाबा शेतावर जातात आणि आई स्वयंपाक करते. त्यामुळे लांब जपानी वाक्यात प्रत्येक 'ते'चा अर्थ डोळे मिटून 'ऊन' असा लावायचा नाही. आधी 'वा' किंवा 'गा' शोधून कोण काय करतंय ते बघावं, मग तो 'ऊन' आहे की साधा 'आणि', हे कळतं.