कोऱ्या जागेचे माप : टंकलेखन यंत्रापासून संगणकापर्यंत

१/ स्पेसबार दाबून आकड्यांचे रकाने नेटके जुळवावेत आणि तीच फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडताच ते विस्कटावेत, हा प्रकार अनेकांच्या परिचयाचा आहे. त्याचे मूळ संगणकाहून बरेच जुने आहे. ते १८७४ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या शोल्स-ग्लिडन टंकलेखन यंत्रापर्यंत जाते. #धागा

२/ त्यापूर्वी छापखान्यात प्रत्येक अक्षराचा खिळा आपापल्या रुंदीचा असे. रोमन i अरुंद, m रुंद. शब्दांमधील जागेसाठीही वेगवेगळ्या जाडीचे कोरे तुकडे असत आणि जुळारी ते निवडून ओळ भरत असे. टंकलेखन यंत्राला ही निवड शक्य नव्हती. कोणतीही कळ दाबली तरी कागदाचा गाडा दातेरी पट्टीवर एकच दात सरके. म्हणून i आणि m यांना सारखीच जागा मिळाली. पुढे एका इंचात १० अक्षरे (पायका) किंवा १२ अक्षरे (एलिट) ही मापे रूढ झाली.

३/ स्पेसबारही एकच दात सरकवी. त्यामुळे कोरी जागा अक्षरांइतकीच मोजता येऊ लागली. चार अंकी रकान्यात ७ हा आकडा उजवीकडे आणायचा तर आधी तीन स्पेस सोडायच्या, एवढा हिशेब टंकलेखकाला पुरे.

४/ हीच सवय संगणकाकडे आली, कारण त्याची आरंभीची अनेक उपकरणे टंकलेखन यंत्रासारखीच चालत. १९६३ चा टेलिटाइप मॉडेल ३३ एका ओळीत ७२ अक्षरे छापी, सर्व सारख्या अंतरावर. साध्या मजकुराच्या फाईलीत मात्र ‘येथे एक स्पेस आहे’ एवढीच नोंद राहते. तिची रुंदी कोठेही लिहिलेली नसते, ती फॉन्ट ठरवतो.

५/ या व्यवस्थेला पहिला तडा टंकलेखन यंत्रातच गेला. आयबीएमचे ‘एक्झिक्युटिव्ह’ यंत्र अक्षरांना दोन ते पाच एकक अशी वेगवेगळी रुंदी देई. पत्र छापील दिसे, पण एखादे अक्षर दुरुस्त करायला मागे जाताना टंकलेखकाला त्याची रुंदी ठाऊक असावी लागे. १९८४ च्या मॅकिंटॉशनंतर असे प्रपोर्शनल फॉन्ट घरगुती संगणकाच्या पडद्यावरही नित्याचे झाले.

६/ नेमके काय बिघडते, ते या चार ओळींत पाहता येते:

```
   7
  42
 365
1984
```

कुरिअर या समरुंदी फॉन्टमध्ये १२ पॉइंट आकारात प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक स्पेस ७.२ पॉइंट रुंद असते. इंचात ७२ पॉइंट, म्हणजे इंचाला १० अक्षरे. जुने पायका माप येथे जसेच्या तसे टिकले आहे. चारही ओळी २८.८ पॉइंटवर संपतात आणि उजवी कड सरळ राहते.

७/ आता तोच मजकूर १२ पॉइंटच्या टाइम्समध्ये ठेवावा. तेथे अंक ६ पॉइंट, पण स्पेस केवळ ३ पॉइंट. पहिली ओळ तीन स्पेस आणि एक अंक मिळून १५ पॉइंटवर संपते, दुसरी १८ वर, तिसरी २१ वर आणि चौथी २४ वर. सरळ कडेची पायरी-पायरी होते. येथे अंक तरी एकाच रुंदीचे आहेत. आधीच्या रकान्यात नावे असली की प्रत्येक नावाची रुंदी वेगळी, आणि मग पायरीलाही नियम उरत नाही.

८/ हा प्रश्न केवळ देखणेपणाचा नाही. जमाखर्चाच्या ओळीत ‘जमा’ रिकामे आणि ‘खर्च’ भरलेला असेल, तर रक्कम कोणत्या रकान्यातली हे फक्त कोरी जागा सांगते. ती घसरली की खर्च जमेत वाचला जातो. परीक्षा सोपी आहे: फॉन्ट कुरिअर करावा. रकाने परत जुळले तर नोंद शाबूत आहे, बिघडले ते केवळ दर्शन. मात्र वेबपान सलग स्पेस एकत्र करून एकच दाखवते. तेथून उतरवलेल्या मजकुरात त्या स्पेस उरलेल्या नसल्या, तर कोणताही फॉन्ट त्या परत आणू शकत नाही.

९/ देवनागरीत अडचण आणखी खोल आहे. ‘पुणे’ या शब्दात डोळ्याला दोन अक्षरे दिसतात, पण युनिकोडमध्ये प, उकार, ण, एकार असे चार घटक साठवलेले असतात. घटक मोजून स्पेस भरणारा प्रोग्राम येथे चुकतो, फॉन्ट कोणताही असो.

१०/ उपायही टंकलेखन यंत्रानेच दिला होता. टॅबची कळ दाबली की गाडा आधी लावलेल्या खुंटीपर्यंत धावे आणि तेथेच थांबे. वाटेत किती अक्षरांची जागा गेली, हे मोजावे लागत नसे. आजच्या वर्ड प्रोसेसरमधील टॅबस्टॉप ही तीच खुंटी आहे. आकड्यांसाठी ती उजव्या कडेची लावता येते. स्पेस ‘किती’ एवढेच सांगते, तर खुंटी ‘कोठे’ ते सांगते. रकान्याला दुसऱ्या उत्तराची गरज असते.