गिनेसचा प्रश्न आणि पिअर्सन यांचे उत्तर : उद्योग व विद्यापीठ यांच्या सहकार्याचे एक प्रकरण (१९०४–१९०८)

प्रास्ताविक

सांख्यिकीच्या वर्गात 'स्टुडंट'ची टी-कसोटी दरवर्षी शिकविली जाते. बिअर तयार करणाऱ्या एका कारखान्यातील रसायनतज्ज्ञाने दुसऱ्या संस्थेतील प्राध्यापकाकडे साहाय्याची विनंती केली आणि त्यातून ही कसोटी जन्मास आली, ही बाब मात्र सहसा सांगितली जात नाही. ही विनंती कोणत्या अडचणीतून उद्भवली, ती कशी मांडली गेली आणि तिच्या कोणत्या भागाला उत्तर मिळाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कारखान्यातील अडचण

विल्यम सीली गॉसेट हे ऑक्सफर्ड येथून रसायनशास्त्राची पदवी घेऊन १८९९ मध्ये डब्लिन येथील गिनेस कारखान्यात रुजू झाले. बिअरसाठी सातूला मोड आणून तो भाजतात. या मालाला माल्ट म्हणतात. माल्टमधून किती शर्करायुक्त अर्क मिळतो यावर उत्पादनाचा दर्जा आणि खर्च दोन्ही अवलंबून असतात. हा अर्क सुमारे १३३ अंश असावा आणि त्यात अर्ध्या अंशापेक्षा अधिक फरक नसावा, अशी अपेक्षा होती. परंतु एकाच माल्टच्या दोन तपासण्यांचे निष्कर्षही तंतोतंत जुळत नसत. मग किती तपासण्यांची सरासरी विश्वसनीय मानावी?

नोव्हेंबर १९०४ मध्ये गॉसेट यांनी कारखान्याच्या अंतर्गत वापरासाठी एक अहवाल लिहिला आणि त्रुटिविषयक नियमाचा उपयोग कारखान्याच्या कामात कसा करता येईल हे दाखविले. माल्टच्या बाबतीत त्यांचे गणित असे होते : दोन तपासण्यांची सरासरी खऱ्या मूल्यापासून अर्ध्या अंशाच्या आत असण्याची शक्यता ४ विरुद्ध १ असते, तीन तपासण्यांना ती ७ विरुद्ध १, चारांना १२ विरुद्ध १ आणि पाचांना १९ विरुद्ध १ होते. जवळजवळ पूर्ण खात्री हवी असल्यास ८२ तपासण्या कराव्या लागतील. मात्र यांपैकी कोणते प्रमाण पुरेसे समजावे, हे उपलब्ध ग्रंथांत कोठेही सांगितलेले नव्हते. म्हणून एखाद्या गणितज्ञाचा सल्ला घ्यावा, अशी सूचना त्यांनी अहवालात केली.

विनंती आणि भेट

या सूचनेनुसार लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील प्राध्यापक कार्ल पिअर्सन यांच्याशी संपर्क साधण्यात आला. १९०१ मध्ये सुरू झालेल्या 'बायोमेट्रिका' या नियतकालिकाच्या संस्थापकांपैकी ते एक होते. १२ जुलै १९०५ रोजी, सुटीच्या काळात, गॉसेट सुमारे वीस मैल सायकल चालवीत ईस्ट इल्स्ली या गावी त्यांना भेटावयास गेले.

या भेटीचे वैशिष्ट्य गॉसेट यांच्या पूर्वतयारीत आहे. त्यांनी आपले प्रश्न आधी लिहून ठेवले होते. कारखान्याला यश मिळवून द्या, अशी मोघम मागणी त्यांत नव्हती. निर्णय कशाविषयी घ्यावयाचा आहे, निरीक्षणे किती आहेत आणि आपण स्वतः कोठपर्यंत पोहोचलो आहोत, हे त्यांनी स्पष्ट केले होते. खात्रीची पातळी कशावरून ठरवावी याविषयीही त्यांनी पिअर्सन यांना स्वतःचे मत कळविले होते : प्रयोगाचा निष्कर्ष अमलात आणल्याने होणारा आर्थिक लाभ एका बाजूस आणि नव्या पद्धतीचा व प्रत्येक प्रयोगाचा खर्च दुसऱ्या बाजूस ठेवून ती ठरवावी. ही कसोटी शुद्ध गणितातून निघू शकली नसती. ती कारखान्यातच सुचू शकत होती.

तत्कालीन बहुतेक सर्व पद्धती पिअर्सन यांनी सुमारे अर्ध्या तासात समजावून दिल्या, अशी आठवण गॉसेट यांनी पुढे नमूद केली आहे. सहसंबंधाची संकल्पना त्यांना येथे मिळाली आणि ऑगस्ट १९०५ मध्ये त्यांनी तिच्यावर कारखान्यासाठी दुसरा अहवाल लिहिला. विनंतीच्या या भागाचे उत्तर तयारच होते. ते केवळ एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत पोहोचावयाचे होते.

न सुटलेला भाग

दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र कोणाकडेच नव्हते. पिअर्सन शेकडो, प्रसंगी हजारो मोजमापांवर काम करीत. कारखान्यात प्रत्येक प्रयोगाला पैसा व वेळ लागत असल्याने निरीक्षणे चार-पाचच असत. वर दिलेल्या गुणोत्तरांमागे तपासण्यांचे प्रमाण विचलन आधीच माहीत आहे, असे गृहीत आहे. ते अंदाजे ०.५७ अंश येते. समजा, हे विचलन ठाऊक नाही आणि ते त्याच चार तपासण्यांवरून काढावे लागले. योगायोगाने तेही ०.५७ आले, तरी आजच्या टी-कोष्टकानुसार १२ विरुद्ध १ ही खात्री सुमारे साडेचार विरुद्ध १ इतकी घसरते. आकडे तेच, सरासरी तीच. परंतु विचलनाचा अंदाजच अनिश्चित असल्याने निष्कर्षावरील विश्वास कमी होतो. मोठ्या नमुन्याची रीत येथे वापरल्यास कारखाना नकळत अवाजवी खात्री बाळगील, आणि ही चूक आकड्यांकडे पाहून दिसतही नाही.

या प्रश्नासाठी अर्ध्या तासाची भेट पुरेशी नव्हती. गिनेसने गॉसेट यांना १९०६–०७ मध्ये सुमारे वर्षभर पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत पाठविले. तेथे त्यांनी लहान नमुन्यातील विचलनाचे वितरण पिअर्सन यांच्याच वक्रांच्या साहाय्याने शोधले. पडताळ्यासाठी ३००० गुन्हेगारांच्या उंचीची व डाव्या मधल्या बोटाच्या लांबीची प्रसिद्ध मोजमापे त्यांनी कार्डांवर लिहिली, ती पिसली आणि चार-चार कार्डांचे ७५० नमुने काढले. सिद्धान्त व प्रयोग यांचा मेळ समाधानकारक आढळला. परंतु काटेकोर गणिती सिद्धता त्यांना देता आली नाही. ती पुढे रोनाल्ड फिशर यांनी दिली.

पिअर्सन यांनी जागा, साधने आणि प्रकाशनाची सोय दिली. तथापि लहान नमुन्यांच्या प्रश्नाला त्यांनी स्वतः विशेष महत्त्व दिले नाही. त्यांच्या संशोधनात ही अडचण क्वचितच येत असे. याकडे दोष म्हणून न पाहता सहकार्याची मर्यादा म्हणून पाहणे अधिक न्याय्य ठरेल.

श्रेय आणि गोपनीयता

कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने संशोधन प्रसिद्ध करणे गिनेसला मान्य नव्हते. त्यामुळे मार्च १९०८ मध्ये 'बायोमेट्रिका'त आलेल्या लेखावर लेखकाचे नाव 'स्टुडंट' असे छापले गेले. त्यातील एक प्रमुख उदाहरणही मद्यनिर्मितीतील नसून झोपेच्या औषधांचे होते. निरीक्षणे होती दहा रुग्णांची. अशा रीतीने पद्धत सर्वांसाठी खुली झाली आणि कारखान्याची आकडेवारी कारखान्यातच राहिली. या तडजोडीची किंमत गॉसेट यांनी मोजली : त्यांचे टोपणनाव सर्वत्र पोहोचले, मूळ नाव मागे राहिले.

निष्कर्ष

या प्रकरणात विनंती एकच असली तरी तिचे दोन भाग होते. प्राध्यापकाकडे तयार असलेले ज्ञान मागणाऱ्या भागाला एक भेट पुरली. ज्या भागाचे उत्तर कोणाकडेच नव्हते, त्यासाठी कारखान्याला आपला माणूस वर्षभर विद्यापीठात ठेवावा लागला, आणि उत्तर शेवटी विचारणाऱ्यानेच शोधले. पिअर्सन यांनी साधन दिले. प्रश्नाचे मोल मात्र ज्याला चार तपासण्यांवर माल्टविषयी निर्णय घ्यावयाचा होता, त्यालाच ठाऊक होते. एखाद्या कारखान्याचे विनंतीपत्र महाविद्यालयात येते तेव्हा त्यातील प्रश्न यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे प्रथम ओळखावे लागते. कारण सहकार्याचा कालावधी, त्याचे स्वरूप आणि श्रेयाची वाटणी त्यावरच अवलंबून राहते.